महिना झाला तरी प्रोग्रेसिव्ह जमत नाहीये? लेन्स बदलून मागणारं पत्र असं लिहा

प्रोग्रेसिव्ह लेन्स जमली नाही की बहुतेक लोक एकतर चष्मा कपाटात टाकून जुनी चाळीशी बाहेर काढतात, नाहीतर दुकानात जाऊन "तुमची काच बेकार आहे, पैसे परत करा" म्हणून भांडतात. दोन्हीत नुकसान तुमचंच. मी बरीच वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरला आहे, त्यामुळे अशा तक्रारींचं पुढे काय होतं ते रोज बघतो, आणि एक साधं एक पानी पत्र किती काम करतं तेही बघतो. फक्त ते पत्र बरोबर लिहिलेलं पाहिजे.

आधी दुकानाच्या आतली बाजू समजून घ्या. ती लेन्स दुकानदार बनवत नाही, तुमचा नंबर आणि तुमची मापं पाठवून तो लॅबकडून ती तुमच्यापुरती बनवून घेतो आणि मग तुमच्या फ्रेमच्या आकारात कापतो. कापलेली लेन्स दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. म्हणून बदलून द्यायची असेल तर दुकानदार कंपनीकडे क्लेम टाकतो, चांगल्या कंपन्यांच्या प्रोग्रेसिव्हवर सवय न झाल्यास बदलून द्यायची सोय असते, पण ती ठराविक मुदतीत आणि साधारण एकदाच. क्लेम टाकताना कंपनी कारण विचारते: नंबर चुकला, माप चुकलं, का डिझाइन मानवलं नाही. आता तुम्ही नुसतं "सूट होत नाही" एवढंच सांगितलंत तर दुकानदार तेवढंच पुढे कळवणार, तोच नंबर आणि तीच मापं परत जाणार, आणि पंधरा दिवसांनी अगदी तशीच लेन्स तुमच्या हातात येणार. आणि ती एकदाची संधी पण गेली. पत्राचा खरा उपयोग इथे आहे, त्रास नेमका कुठे होतो ते कागदावर आलं की माप परत घेतल्याशिवाय दुकानाला पुढे जाता येत नाही.

पत्राच्या आधी: चष्मा नाकावर नीट बसतोय का

प्रोग्रेसिव्ह लेन्समध्ये वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि मध्ये एक अरुंद पट्टा असतो ज्यातून कॉम्प्युटरच्या अंतरावरचं दिसतं, त्याला कॉरिडॉर म्हणतात. दोन्ही बाजूंना थोडं धूसर असतंच, महागातल्या महाग लेन्सलाही असतं. लेन्सवर एक बिंदू ठरलेला असतो, फिटिंग क्रॉस, तो सरळ समोर बघताना बरोबर तुमच्या बाहुलीसमोर यायला पाहिजे. तो दोन-तीन मिलिमीटर जरी वरखाली झाला तरी सगळं गणित बिघडतं, एकाच नंबरच्या साध्या चष्म्यात एवढ्याने फारसं काही कळत नाही म्हणून लोकांना हे खरं वाटत नाही.

म्हणून आधी दुकानात जाऊन फक्त फ्रेम ॲडजस्ट करून घ्या. काड्या कानामागे सैल आहेत का, नाकाचे पॅड पसरलेत का, चष्मा खाली घसरतोय का. याचे पैसे सहसा लागत नाहीत. याने प्रश्न सुटला तर पत्राची गरजच नाही, आणि नाही सुटला तर पत्रात "फ्रेम ॲडजस्ट करूनही फरक नाही" असं एक वाक्य खात्रीने लिहिता येतं. आणि हो, दिवसभर घातलात का हा प्रश्न दुकानदार हमखास विचारतो, कारण अर्धा दिवस जुना चष्मा आणि अर्धा दिवस नवा असं करणाऱ्याची सवय कधीच होत नाही. जमवून घ्यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे महिनाभर नीट घातला असेल तर तुमची बाजू पक्की आहे.

तुमची मान कुठे जाते ते बघा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कोणी लिहीत नाही. प्रोग्रेसिव्ह घातलेला माणूस जिथून स्पष्ट दिसतं ती जागा डोळ्यासमोर आणायला नकळत मान हलवतो, आणि मान कुठल्या दिशेला जाते त्यावरून चूक कुठे आहे त्याचा बराच अंदाज येतो.

पेपर वाचताना हनुवटी वर करावी लागते, कॉम्प्युटरसमोरही तेच, पण लांबचं मात्र छान दिसतं? मग बहुतेक क्रॉस बाहुलीच्या खाली बसलाय, म्हणजे जवळचा भाग तुमच्या नजरेच्या फार खाली गेलाय. उलट झालं, म्हणजे रस्त्यावर सरळ बघताना धूसर आणि हनुवटी छातीकडे घेतली की स्पष्ट, तर क्रॉस वर बसलाय. वाचताना कागद एका बाजूला सरकवावा लागत असेल किंवा मान तिरकी होत असेल तर डाव्या-उजव्या डोळ्याच्या मापात गडबड असू शकते, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं अंतर वेगळं मोजायचं असतं (दुकानात याला पीडी म्हणतात) आणि कधीकधी एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून टाकलेले असतात. हे घरी बघायला सोपं आहे, पेपर नाकासमोर धरा, आळीपाळीने एकेक डोळा झाका, आणि दोन्ही डोळ्यांना स्पष्ट भाग एकाच जागी येतो का ते बघा.

चौथा प्रकार नंबरचा. मान कशीही ठेवली तरी वाचायचा कागद नाकाजवळ आणल्याशिवाय दिसत नाही, किंवा हात लांब केल्याशिवाय दिसत नाही, किंवा लांबचंही एका डोळ्याने धूसर आहे, तर दुकानदाराशी बोलण्याआधी नंबर परत तपासून घ्या. नंबरच बदलला तर क्लेमचं कारण बदलतं आणि नंबरची नवी चिठ्ठी सोबत जोडावी लागते.

जिना उतरताना पायरी धूसर दिसणं, बाजूला बघायला डोळ्याऐवजी मान फिरवावी लागणं, हे मात्र तक्रारीत पहिल्या ओळीत टाकू नका. हे सगळ्याच प्रोग्रेसिव्हमध्ये थोडंफार असतं आणि दुकानदार लगेच "होईल सवय" म्हणून तुमचं पत्र बाजूला ठेवेल. उलट याची सवय झाली असेल तर तसं लिहा, म्हणजे तुम्ही मनापासून प्रयत्न केलाय हे दिसतं.

आमच्या शेजारच्या काकूंची केस

काकू ५२ वर्षांच्या, सहकारी बँकेत काउंटरवर बसतात. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.७५ आणि जवळसाठी त्यावर ॲड +२.००. पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह, लेन्स १४,५०० रुपयांची, जाड प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये, घेतली दुसऱ्या एका दुकानातून. महिन्याने माझ्याकडे आल्या त्या मान धरूनच, म्हणे चष्म्याने मान कशी दुखेल रे? दुखते, काकू. दिवसभर हनुवटी वर करून स्क्रीन बघितली तर दुखणारच.

त्यांना लांबचं उत्तम दिसत होतं, एकेक डोळा झाकून बघितलं तर दोन्हीकडे स्पष्ट भाग मध्येच येत होता, म्हणजे पीडी ठीक. पण चेक वाचायचा तर चष्मा दोन बोटांनी थोडा वर उचलायच्या आणि मग लगेच स्पष्ट. ही खूण एकदम पक्की समजा. चष्मा वर उचलल्यावर वाचता येतं याचा अर्थ नंबर बरोबर आहे आणि उंची, म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतचं माप, चुकली आहे.

मग त्यांना म्हटलं, त्या दुकानात जा आणि दोन गोष्टी करायला सांगा. एक, लेन्सचा नंबर मशीनवर चिठ्ठीशी ताडून बघा. दोन, मार्किंग परत काढा. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह लेन्सवर दोन बारीक कोरलेल्या खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर, लेन्स उजेडासमोर तिरकी धरली की दिसतात, कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा असतो. कंपनीच्या तक्त्यावर त्या खुणा जुळवल्या की मूळ क्रॉस कुठे होता ते पेनने परत काढता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. काढला, चष्मा घातला, काकू समोर सरळ बघत उभ्या राहिल्या, आणि क्रॉस दोन्ही डोळ्यांत बाहुलीच्या ३ मिलिमीटर खाली. ऑर्डरवर उंची १८ मिलिमीटर लिहिलेली होती, आता मोजली तर २१ आली. माप घेताना फ्रेम नाकावर वर धरलेली असणार आणि मग वापरताना ती आपल्या जागेवर खाली बसली, असं बऱ्याचदा होतं. धातूची फ्रेम असती तर पॅड जवळ घेऊन चष्मा थोडा वर उचलता आला असता, प्लॅस्टिकच्या फ्रेमला पॅडच नाहीत त्यामुळे तोही मार्ग बंद. लेन्स नव्याने बनवणं हाच उपाय.

दुकानदार तोंडी "बघतो, कंपनीशी बोलतो" म्हणाला. आणि इथेच पत्र लागतं, कारण बोलण्याबोलण्यात आणखी तीन आठवडे जातात आणि मुदत संपते.

कागद गोळा करा

बिल, नंबरची चिठ्ठी, आणि लेन्सचं कार्ड. कार्ड म्हणजे लेन्सच्या पाकिटासोबत येतं ते, त्यावर लेन्सचं नाव आणि ऑर्डर नंबर असतो, दुकानदाराने दिलं नसेल तर मागून घ्या, ते तुमचं आहे. बदलून द्यायची मुदत कार्डावर किंवा बिलावर असते. ती मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात का चष्मा हातात मिळाल्यापासून हे विचारून घ्या, कारण प्रोग्रेसिव्ह यायला आठवडा सहज जातो. लेन्सवर चरे पडलेले नसावेत, जुनी लेन्स कंपनी सहसा परत मागवते आणि चरे दिसले की वाद सुरू होतो.

पत्र

काकूंनी दिलेलं पत्र साधारण असं होतं, नाव-नंबर काढून देतोय:

> दि. १० मार्च
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> (दुकानाचं नाव, पत्ता)
>
> विषय: प्रोग्रेसिव्ह लेन्स नवीन मापाने बदलून मिळणेबाबत. बिल क्र. ____
>
> महोदय,
>
> मी आपल्या दुकानातून दि. ३ फेब्रुवारी रोजी प्रोग्रेसिव्ह लेन्स (नाव: ____, किंमत १४,५०० रुपये) ऑर्डर केल्या. चष्मा मला दि. १० फेब्रुवारी रोजी मिळाला. तेव्हापासून मी तो रोज दिवसभर वापरत आहे. जिना उतरण्याची आणि बाजूला बघण्याची सवय झाली आहे, लांबचे स्पष्ट दिसते.
>
> त्रास पुढीलप्रमाणे आहे. साधारण ४० सेंमी अंतरावरचा कागद वाचताना आणि हाताच्या अंतरावरची कॉम्प्युटर स्क्रीन बघताना मला हनुवटी बरीच वर करावी लागते. चष्मा हाताने थोडा वर उचलला की दोन्ही लगेच स्पष्ट दिसते. यामुळे मान दुखते आणि ऑफिसचे काम करणे अवघड झाले आहे. आपल्याकडे फ्रेम ॲडजस्ट करून घेतली, तरी फरक पडला नाही.
>
> दि. ८ मार्च रोजी आपल्या दुकानात तपासणी झाली. लेन्सचा नंबर चिठ्ठीप्रमाणे बरोबर आला. मार्किंग परत काढल्यावर फिटिंग क्रॉस दोन्ही डोळ्यांत बाहुलीच्या सुमारे ३ मिमी खाली असल्याचे दिसले. ऑर्डरवर उंची १८ मिमी होती, आता ती २१ मिमी मोजली गेली.
>
> तरी विनंती की,
> १. याच लेन्स २१ मिमी उंचीने, याच फ्रेममध्ये, जादा पैसे न घेता बदलून द्याव्यात.
> २. त्यानेही त्रास गेला नाही तर बायफोकल लेन्स देऊन किमतीतील फरक परत करावा.
>
> लेन्सच्या कार्डावर बदलाची मुदत ६० दिवस आहे, म्हणून कंपनीकडे क्लेम या आठवड्यात पाठवून त्याचा क्रमांक मला कळवावा. सध्याच्या लेन्सवर चरे नाहीत, नवीन लेन्स आल्यावर मी त्या कार्डासह परत देईन. फ्रेम किती दिवस दुकानात ठेवावी लागेल ते आधी कळवावे.
>
> सोबत: बिल, नंबरची चिठ्ठी आणि लेन्स कार्ड यांच्या प्रती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, मोबाईल)

यात कुठेही "फसवणूक", "सदोष माल", "बेकार काच" नाही हे बघा. कारण लेन्स सदोष नव्हतीच, दिलेल्या मापाप्रमाणे ती अगदी बरोबर बनली होती, माप चुकलं होतं. चुकीचा शब्द वापरला की दुकानदार "लेन्स एकदम ओके आहे" असं मशीनवर दाखवून मोकळा होतो. चूक कोणाची हेही पत्रात ठरवत बसू नका, १८ आणि २१ हे दोन आकडे शेजारी ठेवले की ते आपोआप कळतं.

दुसरं, मागणी आकड्यात आहे. "योग्य ती कार्यवाही करावी" असलं सरकारी वाक्य लिहिलं तर दुकानदाराला काय करायचं ते कळतं पण करावं लागत नाही. तुमच्या केसमध्ये उंची ठीक असेल आणि पीडी चुकला असेल तर तिथे पीडीचे आकडे येतील. सगळी मापं बरोबर निघाली आणि तरी जमत नसेल, तर डिझाइन बदलून मागा: दिवसभर कॉम्प्युटरवर असाल आणि मधला पट्टा अपुरा पडत असेल तर मधला भाग रुंद असलेलं डिझाइन, किंवा मग सरळ ऑफिस लेन्स, ज्यात लांबचं सोडून कॉम्प्युटर आणि वाचन याचाच विचार असतो. ती घालून गाडी चालवायची नाही एवढं लक्षात ठेवा.

पूर्ण पैसे परत मागावेत का? मागायला हरकत नाही, पण लेन्स ऑर्डरप्रमाणे बनवलेली असते म्हणून बहुतेक दुकानं पैसे देत नाहीत, आणि फ्रेमचे तर नाहीतच. बदल आणि फरकाची रक्कम यावर गोष्ट लवकर मिटते.

द्यायचं कसं

दोन प्रती काढा, एक दुकानात द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्या. पोच द्यायला का-कू केली तर पत्राचा फोटो आणि जोडलेले कागद दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा, मुदतीच्या आत पाठवल्याची तारीख तिथे राहते. ऑनलाइन घेतला असेल तर ॲपमधल्या चॅटवर अवलंबून राहू नका, तोच मजकूर ईमेलनेही टाका.

आठवडाभर वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा "एकदा विकलेला माल परत घेतला जात नाही" असं बिलावरचं वाक्य दाखवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, तक्रार मराठीत करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(४७) आहे, त्यात सदोष माल किंवा सेवेतली कमतरता असताना बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. माप चुकलं असेल तर ती सेवेतली कमतरता म्हणून मांडता येते. पण मापं बरोबर आहेत, नंबर बरोबर आहे, आणि तुम्हाला फक्त सवय होत नाहीये, तर कायद्याच्या नावाने फार ताणू नका, तिथे कंपनीची बदलून द्यायची सोय हाच तुमचा आधार आहे.

नवीन लेन्स आली की

दुकानातून लगेच निघू नका. नवीन प्रोग्रेसिव्हवर पिवळे किंवा पांढरे छापील मार्किंग असतं, चष्मा देताना ते पुसून देतात. आधीच सांगून ठेवा की माझ्यासमोर घातल्याशिवाय पुसायचं नाही. चष्मा घाला, सरळ समोर बघा, हनुवटी नेहमीसारखी ठेवा, ताठ करू नका, आणि क्रॉस बाहुलीवर येतो का ते काउंटरवरच्या माणसाला तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर उभं राहून बघू दे, खाली स्टुलावर बसून बघितलं तर चुकतं. सोबत कोणी असेल तर त्याच उंचीवरून मोबाईलमध्ये फोटो काढायला लावा. सगळं जुळलं की मग स्पिरिटने मार्किंग पुसून घ्या, आणि नवीन कार्ड, नव्या ऑर्डर नंबरसकट, मागून घ्या.